सांडलेला टोनर: कपडे, सोफा आणि प्रिंटरचं पोट कसं साफ करायचं

मार्चअखेरीच्या गडबडीत सोलापुरातल्या एका करसल्लागार ताईंच्या ऑफिसातून फोन आला. लेझर प्रिंटरवर प्रिंट फिकट येत होती, म्हणून त्यांनी कार्ट्रिज बाहेर काढून सोफ्यावर बसल्या बसल्या जोरात हलवलं. आदल्याच दिवशी ते रिफिल करून आणलेलं होतं आणि त्याची एक बाजू नीट बसलेली नव्हती. मूठभर काळी पावडर कुर्त्यावर, ओढणीवर आणि मळखाऊ नसलेल्या, सायीच्या रंगाच्या सोफ्यावर सांडली. ते तसंच कार्ट्रिज घाईघाईनं पुन्हा प्रिंटरमध्ये घातल्यामुळे उरलेली आत सांडली. "दादा, ओल्या फडक्यानं पुसून घेऊ का?" असं त्यांनी विचारलं तेव्हा मदतनीस मुलगा सोफ्याच्या एका कोपऱ्यावर गरम पाण्याचं फडकं फिरवूनही मोकळा झाला होता. तो कोपरा सोडून बाकी सगळं वाचलं. कसं वाचलं, ते इथे क्रमानं सांगतो.

त्याआधी टोनर म्हणजे काय ते समजून घ्या, कारण पुढची प्रत्येक पायरी त्यावरच उभी आहे. टोनर ही शाई नाही आणि काजळीही नाही. ते बारीक दळलेलं प्लॅस्टिक आहे. त्यात रंगासाठी कार्बन, थोडं मेण आणि कण एकमेकांना चिकटू नयेत म्हणून सिलिका असते. एकेक कण साधारण ५ ते १० मायक्रॉनचा, म्हणजे केसाच्या जाडीच्या दहाव्या भागाइतका. प्रिंटरमध्ये ही पावडर आधी विजेच्या भारानं कागदावर ओढली जाते, मग फ्यूझर नावाचा तापलेला भाग तिला जवळपास २०० अंशांवर वितळवून कागदात दाबतो. पावडर मऊ व्हायला मात्र त्यापेक्षा पुष्कळ कमी उष्णता पुरते. ६० अंशांच्या आसपासच ती चिकट होऊ लागते. म्हणजे गरम पाणी, इस्त्री किंवा जोरात घासून झालेली ऊब कपड्यावर तेच काम करते, जे प्रिंटर कागदावर करतो. कोरडी असेपर्यंत ती धुळीसारखी झटकता येते. एकदा वितळली की ती छपाईच झाली.

पहिली पाच मिनिटं

सगळ्यात आधी पंखा बंद करा. हे ऐकायला क्षुल्लक वाटतं, पण आपल्याकडे छताचा पंखा फिरतच असतो आणि अर्ध्याहून जास्त नुकसान तोच करतो. कूलर आणि एसीही बंद करा. घरातली लहान मुलं आणि दम्याचा त्रास असलेली माणसं दुसऱ्या खोलीत जाऊ द्या. टोनर हे काही जहाल विष नाही, पण इतकी बारीक धूळ घशाला आणि श्वासनलिकेला त्रास देते. साफ करणाऱ्यानं एन-९५ मास्क आणि रबरी किंवा नायट्राइलचे हातमोजे घालावेत. मास्क नसेल तर दुपदरी ओला रुमाल हा नाइलाजाचा उपाय आहे, बरोबरीचा नाही. पावडर डोळ्यात गेली तर चोळू नका. नळाच्या थंड पाण्यानं १५ मिनिटं डोळा धुवा, आणि त्यानंतरही चुरचुरत राहिला तर डॉक्टरांना दाखवा. हाताला लागली असेल तर थंड पाणी आणि साबण. गरम पाण्यानं हात धुतले तर ती रेषांमध्ये जाऊन बसते.

दोन गोष्टी हाताच्या अंतरावर असतात आणि दोन्ही वापरायच्या नाहीत. एक म्हणजे झाडू. त्यानं पावडर गोळा होण्यापेक्षा उडतेच जास्त. दुसरी म्हणजे घरातला व्हॅक्युम क्लीनर. त्याच्या साध्या फिल्टरमधून इतके बारीक कण सरळ पलीकडे जातात आणि मागच्या बाजूनं खोलीभर पसरतात. शिवाय मोटरपर्यंत पोहोचलेली प्लॅस्टिकची बारीक धूळ ठिणगीनं पेटू शकते. सर्व्हिसवाल्यांकडे टोनरसाठी वेगळा व्हॅक्युम असतो. त्याचा फिल्टर खूप बारीक असतो आणि नळी स्थिर वीज साठू न देणारी असते. तो मिळाला तर उत्तम. नसला तरी पुढची कामं होतात, फक्त हात सावकाश चालवावा लागतो. तोंडानं फुंकर मारणं आणि ब्लोअर लावणं मात्र दोन्हीही टाळा.

कपडे

अंगावरचा कपडा डोक्यावरून ओढून काढू नका. पावडर तोंडावर येते. बटणं असतील तर ती सोडून, सांडलेली बाजू आत दुमडत कपडा उतरवा. ताईंचा कुर्ता डोक्यावरूनच काढावा लागणार होता, म्हणून त्यांनी आधी गॅलरीत उभं राहून पुढे वाकून सैल पावडर खाली जुन्या वर्तमानपत्रावर पडू दिली. मग मास्क लावूनच कुर्ता उतरवला.

आता कपडा मोकळ्या जागी, वारा पाठीमागून येईल असे उभे राहून हलकेच झटका. आपटू नका, हातानं चापट्याही मारू नका. झटकून जे निघेल तेवढं सगळं कोरडंच निघू द्या. धुण्याच्या आधी जितकी जास्त पावडर गेली तितकं पुढचं काम सोपं. उरलेल्या बारीक डागांवर पॅकिंगची चिकटपट्टी अलगद टेकवून सरळ वर उचला. पट्टी दाबून घासली तर कण धाग्यात रुततात. प्रत्येक वेळी नवा तुकडा घ्या, वापरलेला तुकडा पुन्हा टेकवू नका.

त्यानंतर पाणी. साध्या पाण्यात टोनर भिजत नाही. त्यातल्या सिलिकामुळे तो पाण्याला दूर लोटतो आणि मिरपुडीसारखा वर तरंगतो. म्हणून बादलीभर थंड पाण्यात भांडी घासायच्या द्रव साबणाचे किंवा पातळ डिटर्जंटचे एक-दोन चमचे टाका, ढवळा आणि मग कपडा बुडवा. तो अर्धा तास तसाच राहू द्या. ब्रश नाही, चोळणं नाही, कपडे बडवायचं लाकडी धोपटणंही नाही. पाण्यात वरखाली हलवा, पिळू नका, ते पाणी टाका, आणि नवीन पाण्यात हेच पुन्हा करा. तीन-चार वेळा पाणी बदलल्यावर ते स्वच्छ राहू लागतं.

"थंड" या शब्दावर एक गोष्ट आवर्जून सांगतो. सोलापूर, विदर्भ, मराठवाडा, इथे एप्रिल-मे महिन्यात दुपारी गच्चीवरच्या टाकीतून येणारं पाणी हाताला चटका देण्याइतकं तापलेलं असतं. ते नळाचं असलं तरी थंड नाही. पहाटे भरलेलं किंवा माठातलं पाणी वापरा. वॉशिंग मशीनमध्ये टाकायचं असेल तर तापमानाचं बटण थंडवरच आहे याची खात्री करा, कारण पुढून उघडणाऱ्या बऱ्याच मशिनी स्वतःहून पाणी तापवतात. कपडा एकटाच धुवा.

वाळत घालताना सावली निवडा. डाग पूर्ण गेला आहे हे उजेडात, कपडा पालथा करूनही बघितल्याशिवाय त्याला तापलेली गच्ची, ड्रायर आणि इस्त्री लागू देऊ नका. धोब्याकडे द्यायचा असेल तर डाग गेला असेल तरच द्या, कारण इस्त्री फिरताच उरलेला अदृश्यसा राखाडी थर कायमचा पक्का होतो. ड्रायक्लीनवाल्याला देताना तर हा टोनर आहे असं स्पष्ट सांगा, म्हणजे तो वाफेची इस्त्री आधी करणार नाही.

ताईंचा कुर्ता सुती होता आणि तो तिसऱ्या पाण्यात साफ निघाला. ओढणी जॉर्जेटची, म्हणजे कृत्रिम धाग्याची. असे धागे घासले की वीज धरतात आणि टोनर स्वतःकडे ओढून घेतात, म्हणून तिच्यावर पट्टीचे जास्त तुकडे लागले आणि पाणी पाच वेळा बदलावं लागलं. तरी तिच्या काठाला एक फिकट सावली राहिली. तिच्यासाठी पुढचा उपाय आयपीए, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल. मोबाइल दुरुस्तीच्या आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात तो मिळतो. आधी आतल्या शिवणीजवळ एक थेंब लावून रंग जातो का ते बघा. मग डागाखाली पांढरा जुना सुती कपडा ठेवून, आयपीएनं ओलसर केलेल्या कापसानं वरून टिपत राहा. काळसरपणा खालच्या कपड्यात उतरला पाहिजे. खालचा कपडा सरकवत राहा. एकाच जागी थांबलात तर डाग परत वर येतो. आयपीए पेट घेतो, म्हणून स्वयंपाकघरात नाही आणि उदबत्तीशेजारीही नाही. नेलपॉलिश काढायचं द्रावण मात्र लावू नका. त्यातलं अॅसिटोन प्लॅस्टिकच विरघळवतं. त्यामुळे टोनर निघण्याऐवजी पसरतो आणि काही कृत्रिम कापडांचा धागाच गळतो.

सोफा, टेबल, फरशी

सोफ्याची गंमत अशी की तो बादलीत बुडवता येत नाही, म्हणून इथे कोरडं काम जास्तीत जास्त लांबवायचं. वरचा सैल थर पोस्टकार्डासारख्या कडक कागदानं कडेपासून मधे असा गोळा करत उचला. बाहेरून आत, नेहमी. मधून बाहेर ओढलं तर डागाचं क्षेत्र वाढतं.

यानंतरची युक्ती माझ्या फार कामाची आहे, पण ती सगळ्या टोनरवर चालत नाही. ताईंचा प्रिंटर १२ए कार्ट्रिजचा होता. हे कार्ट्रिज आणि त्याच जातीचं ३०३ नंबरचं कार्ट्रिज आपल्याकडच्या ऑफिसांत, झेरॉक्सच्या दुकानांत अजूनही घरोघर सापडतं. त्यातल्या टोनरमध्ये चुंबकाला चिकटणाऱ्या लोह ऑक्साइडची भुकटी असते, कारण आतला रोलर चुंबकाचा असतो आणि तो पावडर चुंबकानंच धरतो. त्यामुळे जुन्या स्पीकरमधलं मोठं चुंबक जाड पिशवीत घालून सोफ्यावरून अर्ध्या सेंटीमीटर उंचीवरून फिरवलं की पावडर झेप घेऊन पिशवीला चिकटते. मग पिशवी उलटी करत चुंबक बाहेर काढायचं, पावडर पिशवीत राहते. चालतं की नाही हे कसं ओळखायचं? वर्तमानपत्रावर चिमूटभर टाकून खालून चुंबक फिरवा. पावडर सरकली तर चालेल. रंगीत टोनर आणि पुष्कळ कंपन्यांचे काळे टोनर चुंबकाला दाद देत नाहीत. तिथे चिकटपट्टीवरच भर द्या. चुंबक कार्ट्रिजजवळ आणि प्रिंटरच्या आत मात्र नेऊ नका.

चुंबक आणि पट्टी झाल्यावर जे उरलं, त्यासाठी मायक्रोफायबरचा कपडा थंड साबणाच्या पाण्यात बुडवून घट्ट पिळा. इतका पिळा की थेंब पडणार नाही. टेकवा, उचला, घडी बदला. घासायचं नाही हे इथे विसरायला सगळ्यात सोपं असतं, कारण डाग समोर दिसत असतो आणि हात आपोआप गोल फिरू लागतो. सोफ्याच्या शिवणीत अडकलेलं मऊ कोरड्या ब्रशनं वरच्या वर उचकून पट्टीवर घ्या.

रेग्झिन, लॅमिनेट आणि पॉलिश केलेलं लाकूड यांवरून पावडर लवकर निघते. आधी कोरडा मायक्रोफायबर, मग ओलसर. फरशीवर थंड साबणाच्या पाण्यानं भिजवलेलं वर्तमानपत्र पसरून, थोडं दाबून, गुंडाळत उचला आणि मग ओलं पोतेरं फिरवा. फरशीच्या फटीत बसलेल्यासाठी जुना टूथब्रश आणि तेच पाणी. फरशी घासली तरी हरकत नाही, कारण तिच्यात धागे नाहीत.

गरम फडकं फिरलेल्या त्या कोपऱ्यावर मी आयपीएनं बराच वेळ टिपत बसलो. काळा रंग राखाडी झाला, पण गेला नाही. वितळून धाग्यावर बसलेलं प्लॅस्टिक पूर्ण काढता येत नाही, हे मी त्यांना आधीच सांगितलं होतं. तिथे आता उशी असते.

प्रिंटरच्या आत

इथे घाई केली तर पावडरीपेक्षा आपलेच हात जास्त नुकसान करतात. प्रिंटर बंद करा, वायर भिंतीतून काढा आणि किमान अर्धा तास थांबा. फ्यूझर तोपर्यंत हाताला भाजेल इतका तापलेला असतो, आणि त्यावर पडलेला टोनर चिकट असतो. थंड झाला की तो कोरडा राहतो.

मग टेबलावर वर्तमानपत्राचे दोन-तीन थर टाका आणि कार्ट्रिज आडवंच धरून बाहेर काढा. उभं केलंत तर गळती वाढते. त्याची हिरवट-निळी चकचकीत नळी, म्हणजे ड्रम, उजेडानं खराब होते. बोटाचा डागही तिला चालत नाही. कार्ट्रिज लगेच काळ्या कचरापिशवीत गुंडाळून बाजूला ठेवा. पण त्याआधी एकदा नीट बघा, पावडर कुठून येते आहे. हे न बघता आतून प्रिंटर लख्ख केलात तर उद्या पुन्हा तेच. कडेच्या जोडातून येत असेल तर बाजूची कॅप नीट बसलेली नाही. ड्रमच्या लांबीभर खाली पावडर साचत असेल तर बहुधा वाया गेलेल्या टोनरचा कप्पा भरला आहे, म्हणजे रिफिल करणाऱ्यानं तो रिकामा केलेला नाही. ड्रम पुसणारी ब्लेड कापली गेली असेल तर प्रिंटवर वरपासून खालपर्यंत सरळ काळी रेघ येते. ताईंच्या कार्ट्रिजची कॅपच सुटलेली होती. ते आत पुन्हा घालायचं नाही, असं ठरवून मी ते वेगळं ठेवलं.

आतलं काम वरून खाली करा. वरचं झटकलेलं खाली पडतं, म्हणून तळ शेवटी. नवा कोरडा एक इंची रंगाचा ब्रश आणि धागे न सुटणारं कापड एवढं पुरतं. टोनरचा व्हॅक्युम असेल तर त्याची नळी ब्रशच्या शेजारी धरा. नसेल तर ब्रशनं पावडर सावकाश एका बाजूला आणून कडक कागदावर घ्या. प्लॅस्टिकच्या भिंती आणि झाकण किंचित ओलसर कापडानं पुसता येतात, साध्या थंड पाण्यानं. फवारा कुठेही नाही.

तीन भाग असे आहेत की तिथे मनाला आवर घालावा लागतो. कार्ट्रिजच्या खाली काळ्या स्पंजसारखा एक आडवा रोलर असतो, तो ट्रान्स्फर रोलर. त्यावर पावडर दिसली तरी कापड किंवा बोट लावू नका. त्वचेचं तेल लागलं की प्रिंटवर डाग येऊ लागतात. बाजूला पडलेली पावडर तेवढी ब्रशनं काढा. रोलरवरची पावडर प्रिंटर स्वतः कागदावर सोडतो. दुसरा भाग फ्यूझर. त्याच्या पातळ फिल्मला ओरखडा पडला तर प्रिंटरच्या किमतीच्या मानानं दुरुस्ती परवडत नाही. तिसरा भाग लेझरची वरची पेटी. ती बंद असते आणि बंदच राहू द्या. सफाईनंतर पानावर सरळ पांढरी किंवा फिकट पट्टी दिसली तर पेटीच्या काचेवर धूळ गेल्याची शंका घ्या आणि ते काम सर्व्हिसवाल्याला द्या.

कागद ओढणारा रबरी रोलर मात्र ओलसर कापडानं पुसून कोरडा करायला हवा. त्यावर टोनरचा थर राहिला तर कागद घसरतो आणि आपल्याला वाटतं प्रिंटर बिघडला.

सगळं कोरडं झाल्यावर चांगलं कार्ट्रिज घाला आणि वायर जोडा. काही प्रिंटरच्या सेटिंगमध्ये सफाईचं पान छापायची सोय असते. नसेल तर कोऱ्या वर्डच्या फाइलमधली दहा पानं छापा. पहिल्या पानांवर ठिपके येतील, ते यायलाच हवेत. कागदाच्या मागच्या बाजूला काळेपणा असेल तर तो ट्रान्स्फर रोलरचा आहे आणि पान-दर-पान कमी होत जातो. समोरच्या बाजूला एकसारख्या अंतरावर तोच डाग येत असेल तर पट्टी घेऊन अंतर मोजा. १२ए जातीच्या ड्रमचा घेर साधारण ७५ मिलिमीटर आहे. तेवढ्याच अंतरानं डाग येत असेल तर ड्रमवरच ओरखडा किंवा चिकटलेलं काहीतरी आहे, आणि आत कितीही पुसलं तरी तो जाणार नाही. ताईंच्या प्रिंटरचं सातवं पान कोरं निघालं.

गोळा झालेली पावडर, वर्तमानपत्रं, पट्ट्या, हातमोजे हे सगळं एका पिशवीत घालून गाठ मारा, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत. ही पिशवी जाळू नका आणि पालापाचोळ्याच्या शेकोटीतही टाकू नका, कारण हवेत उडालेली ही धूळ भपकन पेटते. फुटकं कार्ट्रिज घरच्या कचऱ्यात नाही. ई-कचऱ्याच्या नियमांत प्रिंटरसोबत कार्ट्रिजही धरलेलं आहे, म्हणून ते ई-कचरा गोळा करणाऱ्याकडेच द्या. आणि नवं किंवा रिफिल केलेलं कार्ट्रिज हलवायचं असेल तर ते आडवं धरून, वर्तमानपत्रावर, पाच-सहा वेळा हळू डावी-उजवीकडे झुलवा. सोफ्यापासून लांब उभं राहून.